चार पाइलची कॅप: जाडी ठरवण्याआधी

मुठेच्या काठचा भराव आणि मुरूम ओलांडून पाइल बसाल्टमध्ये टेकवले, की प्रश्न येतो कॅपच्या जाडीचा. हिशेबाला बसण्याआधी कॉलमचा फॅक्टर्ड लोड आणि पाइल प्रत्यक्षात कुठे उतरले याचा सर्व्हे हातात घ्या. 500 मिमी व्यासाच्या पाइलला आयएस 2911 प्रमाणे 75 मिमीपर्यंत सरकायची मुभा असते, आणि तेवढ्यानेही मोमेंट वाढतो.

उदाहरण घेऊ. कॉलम 500 मिमी चौरस, लोड 3600 किलोन्यूटन, मोमेंट नाही. पाइल 500 मिमीचे, अंतर 1500, कॅप 2300 मिमी चौरस, काँक्रीट एम30. प्रत्येक पाइलवर 900 किलोन्यूटन.

आधी शिअर पाहा, जाडी तोच ठरवतो. आयएस 456 मध्ये वन-वे शिअरचा छेद कॉलमच्या तोंडापासून d अंतरावर घेतात. पाइलचं केंद्र छेदाच्या बाहेर अर्ध्या व्यासाइतकं असेल तर पूर्ण प्रतिक्रिया धरायची, तेवढंच आत असेल तर शून्य, मधे सरळ प्रमाण. d 500 धरला तर छेद नेमका पाइलच्या केंद्रावर येतो. दोन पाइलची निम्मी प्रतिक्रिया, म्हणजे 900 किलोन्यूटन, ताण 0.78, काँक्रीटची क्षमता 0.44 च्या आसपास. नापास. d 900 केला की पाइल पूर्ण आत जातो आणि शिअर शून्य येतो.

या शून्यावर थांबू नका. भार नाहीसा झालेला नाही, तो तिरकस दाबाने सरळ पाइलकडे जातोय. म्हणून कॉलमच्या तोंडाशीही तपासा: 1800 किलोन्यूटन, ताण 0.87. तिथे क्षमता 2d/av ने वाढवता येते. Av 500 धरून ती सुमारे 1.04 होते. पास, पण फार सैल नाही. पंचिंगला d/2 वर सगळा लोड धरला तरी 0.71 येतो, मर्यादा 1.37. कोपऱ्यातल्या पाइलचं पंचिंग वेगळं काढा. तिथे परिघ कॅपच्या कडांवर तुटतो, पूर्ण वर्तुळ धरलं तर ताण खोटा कमी दिसतो.

आता सळई. कॉलमच्या तोंडाशी मोमेंट 900 किलोन्यूटन-मीटर, त्याला फे500 चं सुमारे 2340 चौ. मिमी पुरतं. जाडी 1000 असल्याने किमान 0.12 टक्के, म्हणजे 2760, हे जास्त ठरतं. ट्रस मानून हिशेब केला तर 3200 च्या जवळ जातं. जाड कॅपमध्ये मला ट्रसच पटतो, म्हणून दोन्ही दिशांना 16 मिमीच्या 16 सळ्या ठेवीन.

शेवटी टोकं बघा. 16 मिमीला 725 मिमी डेव्हलपमेंट लेंग्थ लागते. कॉलमच्या तोंडापासून 825 मिळते, पण ट्रसमध्ये ओढ पाइलच्या केंद्रापर्यंत तशीच टिकते आणि त्यापुढे फक्त 325 उरतात. त्यामुळे सळईची टोकं काटकोनात वर वळवायची, आणि ते ड्रॉइंगवर मापासकट दाखवायचं.