पाणी वाढवलं तरी फुगवटा का घटतो? एक्सट्रूजनचा एक प्रश्न मुळापासून

गेट परीक्षेत XE आणि XL या दोन्ही पेपरांत फूड टेक्नॉलॉजी हा विभाग घेता येतो. त्याच्या तयारीला बसलेली डिचोली, पेडणे, फोंड्याकडची मुलं एक्सट्रूजनचा धडा बहुतेक वेळा व्याख्या पाठ करून संपवतात. पण प्रश्न येतो तो कारणावर. मक्याच्या रव्यातली आर्द्रता १६ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर नेली तर फुगवटा वाढेल की घटेल, आणि का? फुगवतं ते पाणीच, म्हणून पाणी जास्त तर फुगवटा जास्त, असं मनात येतं. उत्तर नेमकं उलटं आहे. हा एक प्रश्न नीट सोडवला की अर्धा धडा हाताशी येतो.

आधी पाणी किती घालायचं ते बघू. १०० किलो रव्यात १२ टक्के आर्द्रता आहे आणि ती १६ वर न्यायची आहे. चार किलो पाणी घातलं तर आर्द्रता १५.४ टक्केच होते, कारण पाण्याबरोबर एकूण वजनही वाढतं. कोरडा भाग मात्र ८८ किलोच राहतो, आणि तो मिश्रणाच्या ८४ टक्के असायला हवा. म्हणून एकूण मिश्रण १०४.७६ किलो आणि पाणी ४.७६ किलो. गोव्यात हा हिशेब पावसाळ्यात हमखास बिघडतो. उघड्या पोत्यातल्या रव्याने जुलैची हवा ओढून घेतली आणि तो १४ टक्क्यांवर गेला, तर तेच ४.७६ किलो पाणी घातल्यावर आर्द्रता थेट १७.९ टक्के होते. म्हणून पाणी मोजण्याआधी रव्याची आर्द्रता मोजावी, मागच्या महिन्याचा आकडा धरू नये.

आता डायपाशी काय घडतं ते बघा. आत लगदा १५० अंश सेल्सियसला आहे. पुस्तकात याला मेल्ट म्हणतात. या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब सुमारे ४.७६ बार असतो, आणि डायमागचा दाब त्याहून बराच जास्त असल्यामुळे पाणी द्रवरूपातच राहतं. लगदा भोकातून बाहेर पडला की दाब एका बारवर येतो आणि पाणी एकदम उकळतं. या उकळण्याला उष्णता बाहेरून मिळत नाही. लगदा स्वतः १५० वरून १०० अंशांपर्यंत थंड होतो, आणि तेवढ्याच उष्णतेत जेवढी वाफ होईल तेवढी होते.

१६ टक्के आर्द्रतेच्या एक किलो लगद्याची विशिष्ट उष्णता अशी काढा: कोरड्या भागाची १.६ आणि पाण्याची ४.२ किलोज्यूल धरली तर ०.८४ गुणिले १.६ अधिक ०.१६ गुणिले ४.२, म्हणजे सुमारे २.०. पन्नास अंश उतरताना १०१ किलोज्यूल सुटतात. १०० अंशांवर बाष्पीभवनाची उष्णता २२५७ किलोज्यूल प्रति किलो, म्हणून वाफ होते सुमारे ४५ ग्रॅम पाण्याची. उरलेल्या मालात आर्द्रता साधारण १२ टक्के राहते. 'सगळं पाणी उडून जातं' हे वाक्य त्यामुळे चूक आहे. पुढे थंड होताना आणखी थोडं पाणी जातं, तरी माल कुरकुरीत होण्यासाठी वाळवावा किंवा भाजावा लागतोच.

२४ टक्क्यांना लगदा पातळ होतो, घर्षण कमी होतं आणि तापमानही खाली येतं. ते १२० अंश धरू. विशिष्ट उष्णता आता २.२२, पण उतार फक्त वीस अंशांचा. सुटतात ४४ किलोज्यूल, वाफ होते २० ग्रॅमची. बाष्पदाबही जेमतेम दोन बार. म्हणजे पाणी दीडपट, पण वाफ निम्म्याहून कमी. त्यात उरलेली आर्द्रता साडेबावीस टक्के असल्याने ग्लास ट्रान्झिशन तापमान खाली राहतं, बुडबुड्यांच्या भिंती वेळेत कडक होत नाहीत, आणि जो काही फुगवटा आला असेल तोही आक्रसतो. तुकडा आडवा कापला तर फरक डोळ्यांना दिसतो. सोळाच्या तुकड्यात पातळ भिंतींची मोठी, मोकळी घरं. चोविसाच्या तुकड्यात जाड भिंती आणि बारीक छिद्रं, दाताखाली कडक. मात्र कोरडेपणालाही मर्यादा आहे. आर्द्रता फारच उतरली तर मोटरवर ताण येतो, माल करपतो, आणि घर्षणाने स्टार्चचे रेणू इतके तुटतात की भिंती ताणल्या जाण्याआधीच फुटतात.

१५० अंश येतात कुठून, इथे स्क्रूचा प्रश्न जोडून येतो. आखूड, एका स्क्रूच्या यंत्रात बहुतेक उष्णता स्क्रूच्या घुसळण्यातूनच निर्माण होते. ती मोजायची विशिष्ट यांत्रिक ऊर्जेने:

```
SME = 2πN·T / m
```

इथे N म्हणजे दर सेकंदाला फेरे, T म्हणजे टॉर्क आणि m म्हणजे दर सेकंदाचा माल. मिनिटाला ३०० फेरे, रिकाम्या यंत्राचा वजा करून टॉर्क १२० न्यूटन-मीटर आणि तासाला ३० किलो माल असेल, तर शक्ती ३.७७ किलोवॉट आणि ऊर्जा ४५२ किलोज्यूल प्रति किलो. पाणी वाढून टॉर्क ८० वर आला की तीच ऊर्जा ३०२ होते. उत्तर साठपट चुकतं किंवा ३६०० पट, ते जवळजवळ नेहमी मिनिट, सेकंद आणि तास यांच्या घोळामुळे.

दाब येतो स्क्रूच्या खोबणीची जागा पुढे पुढे कमी होत गेल्याने. त्यासाठी स्क्रूचा गाभा जाड करतात, किंवा पिच कमी करतात, किंवा बॅरल निमुळतं करतात. गाभा जाड केल्याने काय साधतं हे सूत्रात स्पष्ट दिसतं. माल पुढे ढकलणारा प्रवाह खोबणीच्या खोलीच्या प्रमाणात असतो, पण डायच्या दाबाने मागे येणारा प्रवाह खोलीच्या घनाच्या प्रमाणात. दाब आणि चिकटपणा तोच धरून खोली निम्मी केली, तर पुढचा प्रवाह निम्मा होतो आणि मागचा एक अष्टमांश. म्हणूनच डायजवळचा भाग उथळ ठेवतात. स्क्रूच्या कडा झिजल्या की फटीतून माल मागे गळतो, दाब घटतो आणि फुगवटा हळूहळू कमी होत जातो.

एकेरी स्क्रूमध्ये माल पुढे सरकतो तो बॅरलच्या पकडीमुळे. पकड सुटली तर लगदा स्क्रूबरोबर नुसता गोल फिरतो. बॅरलला आतून खाचा त्यासाठीच असतात. तेल जास्त असलेलं पीठ इथे दगा देतं. डायमधून येणारी दोरी कधी जाड, कधी बारीक येऊ लागली, अँपिअरचा काटा वरखाली नाचू लागला, की घसरण सुरू झाली असं समजावं. एकमेकांत गुंतणारे दुहेरी स्क्रू असा माल पुष्कळ चांगला सांभाळतात. प्रश्नात तेलकट किंवा चिकट कच्चा माल दिसला की उत्तर बहुधा तिकडेच असतं.

नाचणी मिसळल्यावर फुगवटा घटतो, हाही आवडता प्रश्न. तिथे कारण पाणी नाही, कोंडा आहे. कोंड्याचे कण स्वतः ताणत नाहीत, ते बुडबुड्याची भिंत भोसकतात आणि वाफ आधीच निसटते. उत्तरात 'फायबर जास्त' एवढंच न लिहिता ही भिंतीची गोष्ट लिहा.

राहिलं एक्सपान्शन रेशो. डाय ३ मिलिमीटर आणि तुकडा १०.५ मिलिमीटर असेल तर व्यासाचं गुणोत्तर ३.५ येतं, छेदाच्या क्षेत्रफळाचं १२.२५. दोन्ही व्याख्या वापरात आहेत. प्रश्नात 'छेद' किंवा 'क्षेत्रफळ' हा शब्द असेल तर वर्ग करायचा, नुसता व्यास सांगितला असेल तर नाही. पर्यायांत ३.५ आणि १२.२५ दोन्ही दिलेले असतील, तर उत्तर ठरवण्याआधी प्रश्नाची ओळ पुन्हा वाचा.