कोकणच्या पावसात कुंडीतली माती का बसते? मिश्रण करताना या चुका टाळा

माती, कोकोपीट आणि कंपोस्ट, तिन्ही सारखे. कुंडीत भाजी लावणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे प्रमाण पाठ असतं. घाटावर, कमी पावसात ते चालूनही जातं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मात्र पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. मे महिन्यात भरलेल्या कुंड्या जुलैच्या मध्यावर पिवळ्या पडायला लागतात आणि लोक रोगाची किंवा खताची शंका घेतात. बहुतेक वेळा दोष मिश्रणात असतो. मुळांना पाणी मिळतं, हवा मिळत नाही.

जमिनीत पडलेलं पाणी खोल उतरत जातं, कारण खाली कित्येक फूट माती असते. बादलीत ती फूटभरच असते. भोकं कितीही असली तरी तळाशी मातीचा एक थर पाण्याने तुडुंब राहतोच. ओला स्पंज आडवा धरा, पाणी गळायचं थांबू द्या, मग उभा करा. आणखी पाणी गळतं, कारण उंची वाढली. कुंडीतही तसंच होतं. माती जितकी बारीक, तितका तळाचा हा ओला थर जाड. म्हणून परसात उत्तम भाजी देणारी माती कुंडीत भरली की घात करते.

तळाला खडी घालून पाणी निघत नाही

ही चूक इतकी रुळलेली आहे की जुनी माणसंही ठामपणे सांगतात, खाली दोन-तीन इंच खडी किंवा चिऱ्याचे तुकडे घाला, पाणी निचरून जाईल. उलट होतं. बारीक मातीतून पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडतं. म्हणजे ओला थर नाहीसा होत नाही, तो खडीच्या उंचीइतका वर सरकतो, आणि मुळांसाठी आधीच कमी असलेली जागा आणखी कमी होते. भोकांवर नारळाच्या सोडणाचा एक तुकडा किंवा जाळी ठेवली की माती वाहून जात नाही, तेवढं पुरे. कुंडी मात्र थेट फरशीवर ठेवू नका. चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवा, नाहीतर भोकं फरशीला चिकटून बंद होतात.

माती कुठली उचलता?

सर्वांत जास्त नुकसान भातखाचरातल्या मातीने होतं. ती दिसायला मऊ, काळसर आणि सकस असते, घराजवळ मिळते. पण खाचरात दरवर्षी चिखलणी होते, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून मातीची घडण मुद्दाम मोडलेली असते. कुंडीत ती ओली असताना लोण्यासारखी आणि सुकली की भिंतीपासून सुटून विटेसारखी होते. माडाच्या किंवा आंब्याच्या आसपासची, पालापाचोळा कुजलेली वरची चार-सहा इंच जांभी माती घ्या. ती मे महिन्यात कोरडी असतानाच काढा आणि चाळा. पावसात भिजलेली माती कालवली की गोळे होतात आणि ते शेवटपर्यंत फुटत नाहीत.

माती जड वाटते म्हणून काही जण पुळणीची रेती घालतात. तिच्यात मीठ असतं. शिवाय बारीक रेती चिकण मातीच्या पोकळ्यांत जाऊन बसते आणि मिश्रण घट्ट होतं. मोकळेपणासाठी आपल्याकडे रेतीपेक्षा कितीतरी चांगली वस्तू आहे, भाताचं तूस. गिरणीत सहज मिळतं, हलकं असतं, आणि सिलिकामुळे लवकर कुजत नाही. निदान एक पावसाळा तरी ते मातीत पोकळी धरून ठेवतं. फक्त कोंडा आणू नका. कोंडा कुजून तापतो आणि मुंग्या-उंदीर बोलावतो.

कोकोपीट न धुता घालणं

कोकोपीट नारळाच्या सोडणातून निघतं. माड किनाऱ्याचा, आणि काही ठिकाणी सोडणं खाडीच्या खाऱ्या पाण्यात भिजवली जातात, त्यामुळे त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असू शकतात. पाकिटावर ‘धुतलेलं’ असं लिहिलेलं असलं तरी निदान दोन-तीन पाण्यांतून काढाच. वीट बादलीत भिजवून फुगू द्या, गोणपाटात घालून पाणी निथळू द्या, पिळा, पुन्हा भिजवा. पाण्याचा तांबूस रंग पूर्ण जायची वाट बघू नका, तो सोडणाचा रंग आहे, मिठाचा नव्हे. खाडीजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी यासाठी वापरलं तर धुण्याचा उपयोगच राहत नाही.

सगळ्यात स्वस्त धुलाई पावसात होते. गणपतीनंतरच्या भाज्यांसाठी लागणारं कोकोपीट गोणपाटात भरून जुलैत पागोळीखाली टांगून ठेवा. खारं कोकोपीट आधीच वापरलं गेलं असेल तर ते पानांच्या कडांवरून कळतं. जुनी पानं कडेने करपतात, आणि पाऊस नसताना कुंडीच्या काठावर पांढुरकी पपडी धरते. अशा वेळी कुंडीत तिच्या आकाराच्या दुप्पट गोडं पाणी सावकाश ओता आणि खालून निघून जाऊ द्या. खत त्यानंतर आठवडाभराने.

घरीच सोडणं ठेचून काढलेला ताजा भुसा मात्र थेट वापरू नका. त्यात नत्र फार कमी असतं. तो कुजताना सूक्ष्मजीव मातीतलं नत्र खेचून घेतात आणि रोप उपाशी राहतं. आधी शेणकाल्यात काही महिने कुजवा.

कच्चं कंपोस्ट

पावसाळ्यात उघड्यावरचा ढीग भिजून आतून आंबतो. वरून काळा दिसतो, पण मुठीत घेतला की आंबूस वास येतो. असं खत मुळांजवळ गेलं की तिथली उरलीसुरली हवाही कुजण्यात खर्च होते. चाचणी सोपी आहे. ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर खत तयार. आंबट, अमोनियासारखा किंवा सडका वास आला तर अजून पालटत ठेवा. खात्री हवी असेल तर एका करवंटीत खत आणि माती अर्धी-अर्धी, दुसरीत नुसती माती घेऊन दोन्हींत दहा-दहा मेथीदाणे पेरा. खताच्या करवंटीत उगवण कमी किंवा पानं पिवळी दिसली तर ते खत कुंडीत नको.

शेणखत असेल तर चाळून घ्या. त्यातल्या जाड पांढऱ्या अळ्या कुंडीत गेल्या तर मातीचा आणि मुळांचा सत्यानाश करतात, कारण बादलीत त्यांना दुसरं जायला जागाच नसते.

एक उदाहरण, बादलीसकट

आमच्या वाडीतल्या एका वहिनींच्या मिरच्या गेल्या पावसाळ्यात अशाच बसल्या. रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या, तळाला तीन इंच खडी, वर खाचराची माती, न धुतलेलं कोकोपीट आणि गांडूळखत, तिन्ही सारखे. खालची पानं पिवळी पडली तेव्हा त्यांनी युरिया घातला. पानं आणखी गळली. “पाऊस थांबून तास झाला तरी वर पाणी तसंच,” असं त्या म्हणाल्या, आणि निदान त्याच वाक्यात होतं.

बादली आडवी करून गोळा बाहेर काढला. वरच्या चार इंचांत मुळं पांढरी आणि दाट होती. त्याखाली ती तपकिरी, बोटांनी ओढली की साल सुटून आत दोरा राहायचा. तळाची माती राखाडी झाली होती आणि तिला सडक्या अंड्याचा वास होता. हा वास म्हणजे मातीत हवा संपल्याची पक्की खूण. अशा मुळांना युरिया देऊन उपयोग नसतो, ती तो घेऊच शकत नाहीत.

नवं मिश्रण एक लिटरच्या डब्याने मोजून केलं. एका बादलीसाठी चाळलेली जांभी माती सात डबे, धुतलेलं कोकोपीट तीन, तयार कंपोस्ट पाच आणि तूस पाच. बेरीज वीस होते, पण बारीक कण पोकळ्यांत बसल्याने मिश्रण त्यापेक्षा कमी भरतं, आणि बादलीला वर दोन बोटं जागा राहते. मोजायचं ते डब्याने, वजनाने नाही. ओलं कोकोपीट आणि कोरडं तूस यांचं वजन काहीच सांगत नाही. खडी काढली, तळाला बोटभर जाडीची आठ भोकं पाडली. सडलेली मुळं कापून, शेंडा थोडा खुडून रोपं पुन्हा लावली आणि आठवडाभर पत्र्याखाली ठेवली. सगळी वाचली नाहीत. ज्यांची वरची मुळं चांगली होती ती सावरली.

लावण्याआधी एक तपासणी जरूर करा. बादली भरून दोनदा भिजवा, मग एक लिटर पाणी एकदम ओता. ते मिनिटा-दोन मिनिटांत पृष्ठभागावरून उतरायला हवं. पाच मिनिटांनी डबकं दिसलं तर आणखी दोन डबे तूस घाला. इतक्या मोकळ्या मिश्रणातून नत्र पावसाबरोबर वाहून जातं, म्हणून पंधरा दिवसांनी एक-दोन मुठी गांडूळखत वरून देत राहावं लागतं. एकदाच भरपूर घालून भागत नाही.

हेच मिश्रण हिवाळ्या-उन्हाळ्यात लवकर सुकतं. तेव्हा तूस निम्मं करा आणि तेवढं कोकोपीट वाढवा. तिन्ही सारखे हे प्रमाण आपल्याकडे शोभतं ते याच दिवसांत.

माती बदलूनही रोप मान टाकत असेल तर

मिरची, वांगी, टोमॅटो हिरवीगार असतानाच, पानं पिवळी न पडता अचानक कोमेजली, तर तो निचऱ्याचा दोष नसण्याची शक्यता मोठी. दमट, उष्ण हवा आणि आम्ल माती यांत जिवाणूजन्य मर रोग फोफावतो. बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टोक बुडेल असा धरा. काही मिनिटांत टोकातून दुधासारखी धार खाली उतरली तर मर नक्की. ते रोप मातीसकट काढा. ती माती कंपोस्टच्या ढिगात किंवा दुसऱ्या कुंडीत टाकू नका, कोयता-खुरपं उकळत्या पाण्याने धुवा. परसात ज्या वाफ्यात पूर्वी वांगी किंवा टोमॅटो असे मेले असतील, तिथली माती कुंडीसाठी कधीच उचलू नका. निचरा कितीही सुधारला तरी ती या तीन भाज्यांना चालणार नाही. बादली आणि भोकं नीट घासून धुवा, नवं मिश्रण भरा आणि त्यात भेंडी, चवळी किंवा दोडका लावा.