बाळंतपणानंतरची डोकेदुखी: मेंदूच्या नीलांतील गुठळीचा संशय कसा घ्यावा

मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी तुंबून होणारा पक्षाघात बहुतेकांना माहीत असतो. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या नीलांत गुठळी झाली, तर रक्ताला वाट न मिळून कवटीतील दाब वाढतो, आणि म्हणून पहिली तक्रार बहुधा लुळेपणाची नसून डोकेदुखीची असते. हा पक्षाघात मुख्यतः तरुणांना, त्यातही स्त्रियांना होतो. प्रसूतीतील रक्तस्राव आवरण्यासाठी वाढलेली रक्ताची गोठणक्षमता पुढे सुमारे ६ आठवडे टिकून राहते, आणि त्यातच उलट्या, जुलाब, ताप किंवा अपुरे पाणी यांमुळे अंगातले पाणी घटले तर धोका वाढतो.

समजा, कमरेत टोचून भूल देऊन सिझेरियन झालेल्या २७ वर्षांच्या बाळंतिणीचे डोके नवव्या दिवशी दुखू लागले, आणि त्याआधी दोन दिवस तिला जुलाब होत होते.

प्रथम तिला आडवे झाल्यावर काय होते ते विचारावे. भुलेच्या सुईमुळे होणारी डोकेदुखी बहुधा पहिल्या काही दिवसांत सुरू होते, बसल्यावर वाढते आणि झोपल्यावर उतरते. हिचे डोके मात्र झोपल्यावर, खोकताना, शौचाला जोर करताना अधिक ठणकते आणि रोज वाढत चालले आहे. सुईची डोकेदुखीही गुठळीत बदलू शकते, त्यामुळे आधी उतरणारे दुखणे आता झोपूनही राहत असेल तर तो बदल सांगायलाच हवा.

मग डोळ्यांविषयी विचारावे. वाकून उठताना क्षणभर अंधारी येणे किंवा एका वस्तूच्या दोन दिसणे ही दाब वाढल्याची खूण असते. आकडी आली, एका बाजूचा हात किंवा पाय कमजोर झाला, बोलणे अडखळले किंवा गुंगी आली, तर पुढची चौकशी न करता थेट तातडीच्या विभागात न्यावे. तिथे रक्तदाबही मोजला जाईल, कारण प्रसूतीनंतरच्या वाढलेल्या रक्तदाबातही डोके दुखते आणि आकडी येते.

डॉक्टरांना प्रसूतीची तारीख, भुलेचा प्रकार, जुलाब आणि पूर्वी पायात गुठळी झाली असल्यास तेही सांगावे. घोटाळा बहुधा इथेच होतो: साधा सीटी स्कॅन स्वच्छ येतो आणि घरचे निर्धास्त होतात. गुठळी खात्रीने दिसण्यासाठी नीलांचे चित्रण, म्हणजे सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी, लागते. ती झाली का, हे विचारण्यात संकोच नसावा.

निदान झाल्यावर रक्त पातळ ठेवणारे हेपारिन सुरू होते. नीला तुंबल्यामुळे मेंदूत थोडा रक्तस्राव झाला असला, तरीही ते सहसा देतात, कारण वाट मोकळी झाल्याशिवाय दाब उतरत नाही. नातेवाइकांना हे उलटे वाटते खरे. पुढे बहुधा ३ ते १२ महिने गोळ्या चालतात. हेपारिन आणि वॉरफरिन घेताना स्तनपान करता येते, नव्या गोळ्यांपैकी काहींबाबत मात्र आधी विचारावे. यानंतर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, आणि पुन्हा दिवस राहिल्यास पहिल्याच तपासणीत हा आजार सांगावा, म्हणजे प्रतिबंधक हेपारिन केव्हा सुरू करायचे ते ठरवता येते.