रिसर्च स्टेटमेंट : जुने पेपर आणि पुढचं काम यांचा सांधा कसा जुळवायचा

फॅकल्टीच्या अर्जांमध्ये नेहमी आढळणारी चूक एकच. आधी तीन पानं ‘पहिल्या पेपरात हे केलं, दुसऱ्यात ते’ असा सालवार हिशेब, आणि शेवटी अर्ध्या पानात पुढचे बेत. निवड समितीतले बहुतेक जण तुमच्या उपविषयातले नसतात. पेपरांची यादी त्यांना सीव्हीत दिसतेच. स्टेटमेंटमध्ये ते एक प्रश्न शोधत असतात.

भूजलाचं एक कल्पित उदाहरण घेऊ. उमेदवाराचे चार पेपर आहेत: एका बेसाल्ट पाणलोटातल्या विहिरींच्या पातळ्या, त्याच भागातल्या पंपिंग टेस्ट, पोस्टडॉकमध्ये गुरुत्वाकर्षणातले बदल मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांवरून द्वीपकल्पातला पाणीसाठा, आणि पावसाच्या नोंदींमधल्या गाळलेल्या जागा भरण्याची पद्धत. वरवर पाहता विषय विखुरलेले वाटतात. प्रश्न असा मांडता येतो: कातळातलं पाणी पावसाळ्यानंतर किती काळ पुरेल, हे आधी सांगता येईल का?

आता प्रत्येक पेपरावर चारपाच ओळी लिहायच्या, आणि शेवटची ओळ त्या पेपराला काय कळलं नाही याची. शेजारशेजारच्या विहिरी वेगवेगळ्या गतीने उतरतात हे पहिल्यात दिसलं, पण कारण पातळीवरून कळेना. पंपिंग टेस्टमधून भेगांची भूमिका कळली, पण मोजक्याच विहिरींपुरती. ग्रेसला काही शे किलोमीटरच्या पट्ट्यातला एकूण बदल दिसतो, पाणलोट मात्र काही दहा चौरस किलोमीटरचा. या दोन मापांमधली दरी हाच पुढचा कार्यक्रम. पावसाचा पेपर या धाग्यात बसत नसेल तर ओढूनताणून बसवू नका. सीव्हीत आहे तेवढं पुरे.

पुढची उद्दिष्टं तीन पुरेत. पहिलं, पहिल्या दोन वर्षांचं, हाताशी असलेल्या साधनांवर: केंद्रीय भूजल मंडळाच्या नोंदी आणि निवडक विहिरींत बसवलेले, पाण्याची पातळी सतत नोंदवणारे प्रेशर लॉगर. मंडळ बहुतेक विहिरी वर्षातून चारदाच मोजतं, म्हणून लॉगर का हवेत हे आपोआप पटतं, आणि हा खर्च संस्थेच्या सीड ग्रँटमध्ये बसतो. दुसरं, विहिरी आणि उपग्रह यांना जोडणारं मॉडेल; इथे पीएचडीचा विद्यार्थी लागेल, तसं लिहा. तिसरं, तालुक्यापुरता उन्हाळ्याचा अंदाज. हे पाच वर्षांत अर्धंच होईल, तेही लिहा.

सगळ्यात घातक असते साखळी: पहिलं फसलं की दुसरं, तिसरंही बुडतं. मॉडेल जमलं नाही तरी लॉगरच्या नोंदींतून कोणता पेपर निघेल, हे एका वाक्यात सांगा. दुसरा धोका पोस्टडॉकच्या गाइडचाच प्रकल्प पुढे रेटण्याचा. ‘हे काम त्या गटातही होईल, मग तुम्ही कशाला?’ असा प्रश्न मुलाखतीत येतोच. या उदाहरणात उत्तर विहिरींजवळ आहे: उपग्रहाचा गट जमिनीवरच्या नोंदी घेत नाही, उमेदवार घेतो.

मसुदा झाला की प्रत्येक उद्दिष्टासमोर ते ज्या पेपरातून निघालं त्याचा क्रमांक पेन्सिलीने लिहा. ज्याच्यासमोर क्रमांक येत नाही, त्याची पद्धत तुम्ही कुठे शिकलात हे तरी सांगा, नाहीतर ते काढून टाका.