टीम बदलायचीय? 'कारण' लिहिताना या चुका टाळा

कंपनीतल्या कंपनीत टीम बदलण्याचे अर्ज मी टीम लीड म्हणून बरीच वर्षं वाचतोय. बहुतेक अर्ज अडतात ते 'कारण' या एका रकान्यात.

सपोर्टमधल्या एका मुलीने आमच्या डेटा टीमसाठी अर्ज केला होता. काम चोख, दोन वर्षं पूर्ण. कारण लिहिलं होतं : "सध्याच्या टीममध्ये नवीन काम दिलं जात नाही, केलेल्या कामाची दखल घेतली जात नाही." मॅनेजरचं नाव कुठेच नाही, तरी दोन्ही वाक्यांत तोच उभा आहे. दिलं जात नाही, म्हणजे कोण देत नाही? बाहेरच्या नोकरीच्या मुलाखतीत असं वाक्य कदाचित खपून जाईल. इथे मात्र अर्ज बऱ्याचदा मंजुरीसाठी त्याच मॅनेजरकडे जातो, आणि नवा मॅनेजर त्याला फोन करतोच.

म्हणून अर्ज लिहून झाला की 'दिलं जात नाही', 'मिळत नाही', 'होत नाही' अशी वाक्यं शोधा आणि प्रत्येकाला 'कोणामुळे?' असं विचारा. उत्तर एका माणसापाशी येऊन थांबलं, तर ते वाक्य काढा.

तिने मग असं लिहिलं : "तिकिटांचा रोजचा रिपोर्ट हाताने करायला दीड तास लागायचा. मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहून तो दहा मिनिटांवर आणला. हे काम मला मनापासून आवडलं. सपोर्टमध्ये ते कधीतरीच येतं, तुमच्याकडे रोजचं आहे." शेवटचं वाक्य खरं कारण सांगतं, पण ते कामाच्या स्वरूपाबद्दल आहे, माणसाबद्दल नाही.

उलट टोकाची चूकही होते. "सर खूपच चांगले आहेत, पण..." हा 'पण' ऐकला की समोरचा कान टवकारतो. मुलाखतीत "तिथे काही अडचण आहे का?" असं विचारलं, तर तिथे शिकलेली एक नेमकी गोष्ट सांगा आणि पुन्हा नव्या कामावर या.

सगळ्यात जास्त दुखावते ती मात्र तिसरी चूक : मॅनेजरला ही बातमी सिस्टमच्या मेलमधून कळणं. सबमिटचं बटण दाबण्याआधी त्याच्याशी समोरासमोर बोला, अप्रेझलचा पंधरवडा सोडून. "मला डेटाच्या कामात जायचंय, उद्या अर्ज करतेय, तुम्हाला आधी सांगायचं होतं" एवढं पुरे. सोबत रिलीजचा कच्चा आराखडा न्या : रात्रीची शिफ्ट कोण घेईल, केटीला, म्हणजे काम दुसऱ्याला समजावून सोपवायला, किती आठवडे लागतील. त्याची पहिली काळजी तीच असते.

मॅनेजरकडून खरोखर छळ होत असेल, तर तो या रकान्यात लपवू नका. ती तक्रार थेट एचआरकडे न्या. लैंगिक छळ असेल तर 2013 च्या कायद्यानुसार नेमलेल्या अंतर्गत समितीकडे लेखी द्या. ती तक्रार आणि टीम बदलण्याचा अर्ज हे दोन वेगळे कागद आहेत.