विभक्तीचा तक्ता पाठ आहे, तरी उत्तर चुकतं? या चुका टाळा

आठवी ते दहावीच्या मुलांच्या वह्या तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. 'स, ला, ते' घडाघडा म्हणून दाखवणारं मूल वाक्यातली विभक्ती ओळखायला दिली की अडखळतं. पाठांतर पक्कं असतं, पण तक्ता काय सांगतो आणि काय सांगत नाही हे त्याला कोणी समजावलेलं नसतं. आधी तक्ता समोर ठेवूया.

| विभक्ती | एकवचन | अनेकवचन | उदाहरण |
|---|---|---|---|
| प्रथमा | प्रत्यय नाही | प्रत्यय नाही | मुलगा खेळतो. |
| द्वितीया | स, ला, ते | स, ला, ना, ते | आई बाळाला उचलते. |
| तृतीया | ने, ए, शी | नी, शी, ई, ही | त्याने विळ्याने गवत कापले. |
| चतुर्थी | स, ला, ते | स, ला, ना, ते | आई बाळाला खाऊ देते. |
| पंचमी | ऊन, हून | ऊन, हून | मामा पुण्याहून आले. |
| षष्ठी | चा, ची, चे | चे, च्या, ची | शेतकऱ्याचा बैल चरतो. |
| सप्तमी | त, ई, आ | त, ई, आ | पक्षी घरट्यात बसला. |
| संबोधन | प्रत्यय नाही | नो | मुलांनो, इकडे या. |

'ला' दिसला की द्वितीया

सर्वांत जास्त गुण इथे जातात. द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय मराठीत अगदी सारखे आहेत. संस्कृतात या दोन विभक्तींची रूपं वेगळी होती. मराठीने नावं दोन ठेवली, रूपं मात्र एकच झाली. त्यामुळे इथे प्रत्यय पाहून निर्णय होऊच शकत नाही, क्रियापदाकडे जावं लागतं.

तक्त्यातली 'बाळाला'ची दोन वाक्यं मी मुद्दाम घेतली. पहिल्यात उचलण्याची क्रिया थेट बाळावर घडते, म्हणून बाळ हे कर्म आणि विभक्ती द्वितीया. दुसऱ्यात दिला जातो तो खाऊ. बाळ खाऊ घेणारं आहे, म्हणजे संप्रदान, म्हणून चतुर्थी. गोंधळ झाला तर वाक्य 'जातो-जाते' लावून फिरवून पाहावं. 'बाळ उचलले जाते' हे बरोबर वाटतं. 'बाळ दिले जाते' म्हटलं की अर्थच बिघडतो, कारण तिथे 'खाऊ दिला जातो' असं म्हणायला हवं. ज्या शब्दावर वाक्य असं नीट फिरतं, तो कर्म.

'मला दूध आवडते' या वाक्यातही 'मला' द्वितीया नाही. 'मी आवडला जातो' असं आपण म्हणत नाही. आवडणं, दिसणं, वाटणं, सुचणं ही क्रियापदं आली की 'ला' लागलेला शब्द बहुधा चतुर्थीचा असतो.

याची उलट बाजूही आहे. कर्म दिसलं की मुलं डोळे झाकून द्वितीया लिहितात. 'राजू आंबा खातो' यात आंबा कर्म आहे खरं, पण त्याला प्रत्यय नाही, म्हणून त्याची विभक्ती प्रथमा. विभक्तीचं नाव रूपावरून ठरतं आणि कारकार्थ अर्थावरून ठरतो. 'त्याने विळ्याने गवत कापले' यात दोन्ही शब्द तृतीयेत आहेत, पण 'त्याने' कर्ता आहे आणि 'विळ्याने' करण, म्हणजे साधन.

षष्ठीचं अनेकवचन कुणाचं?

या चुकीचा दोष मी मुलांना देणार नाही, कारण तक्त्याची मांडणीच फसवी आहे. एकदा एका मुलीने विचारलं होतं, 'मुलांचा खेळ' यात मुलं तर अनेक आहेत, मग प्रत्यय 'चा' कसा? प्रश्न अगदी रास्त होता.

इतर विभक्तींमध्ये एकवचन-अनेकवचन हे रकाने प्रत्यय लागलेल्या शब्दाचे असतात. षष्ठीत ते पुढच्या शब्दाचे, म्हणजे मालकीच्या वस्तूचे असतात. प्रत्यय त्या वस्तूचं लिंग आणि वचन पाहून बदलतो. मुलाचा सदरा, मुलाची वही, मुलाचे दप्तर. वस्तू अनेक झाल्या की मुलाचे सदरे, मुलाच्या वह्या, मुलाची दप्तरे. मूल या सहाही ठिकाणी एकच आहे. मुलं अनेक असली तर ते अनुस्वार सांगतो, 'मुलांचा खेळ'.

'च्या' आणखी एका ठिकाणी येतो. पुढच्या शब्दाला स्वतःचा प्रत्यय लागला की मागचा 'चा, ची, चे' बदलून 'च्या' होतो: मुलाचा सदरा, पण मुलाच्या सदऱ्याला. म्हणून 'च्या' दिसला की लगेच स्त्रीलिंगी अनेकवचन लिहू नका.

प्रत्यय तोडताना

'शाळेत' मधला प्रत्यय 'एत' नाही, तो 'त' आहे. शाळा हा मूळ शब्द, प्रत्यय लागण्यापूर्वी तो 'शाळे' होतो, आणि हे मधलं रूप म्हणजे सामान्यरूप. तसंच भाऊ, भावा, भावाला. पाणी, पाण्या, पाण्यात. मूळ शब्द विचारला असता 'पाण्या' लिहिणं ही नेहमीची चूक. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार हवाच, 'मुलाना' नाही, 'मुलांना'. आदरार्थीही तसंच: आजोबा एकच असले तरी 'आजोबांनी'.

प्रत्यय न दिसणारी तृतीया

'मी निबंध लिहिला.' इथे 'मी'ची विभक्ती बहुतेक जण प्रथमा लिहितात. 'मी'च्या जागी 'तो' घालून पाहा. 'तो निबंध लिहिला' होत नाही, 'त्याने निबंध लिहिला' होतं. म्हणजे हा 'मी' तृतीयेतला आहे. मी, आम्ही, तू, तुम्ही यांची प्रथमेची आणि तृतीयेची रूपं सारखीच दिसतात, म्हणून ही अदलाबदल करून पाहण्याला पर्याय नाही. 'मी निबंध लिहितो' यात मात्र 'तो निबंध लिहितो' चालतं, तिथे प्रथमाच.

एक वाक्य पूर्ण सोडवून

'आजीने सकाळी देवघरातून समई आणून नातीच्या हातात दिली.'

'आजीने' तृतीया, कारकार्थ कर्ता. 'सकाळी' सप्तमी. यातला 'ई' क्रिया कधी घडली ते सांगतो, आणि काळ हाही अधिकरणातच येतो. 'देवघरातून' मध्ये 'त' ऐकू येतो म्हणून मुलं सप्तमी लिहितात, पण त्यानंतर 'ऊन' आहे आणि समई तिथून निघाली आहे, म्हणून पंचमी, अपादान. 'समई' कर्म आहे, पण प्रत्यय नसल्यामुळे प्रथमा. आणि 'दिली' हे स्त्रीलिंगी रूप समईमुळे आलं आहे, आजीमुळे नाही. आजीच्या जागी आजोबा आले तरी 'आजोबांनी समई दिली' असंच म्हणावं लागेल.

'आणून' जवळ थांबा. शेवटी 'ऊन' आहे, तरी ही पंचमी नव्हे. विभक्ती नामाला आणि सर्वनामाला लागते; 'आण' हा धातू आहे. जाऊन, करून, जेवून हे सगळे असेच. 'नातीच्या' षष्ठी, आणि 'च्या' का, तर पुढच्या 'हात'ला 'त' लागला आहे म्हणून. प्रत्यय काढा, 'नातीचा हात' होईल. राहिला 'हातात', तो सप्तमी, अधिकरण.