शुगर वाढली, पण कशामुळे? गर्दीच्या ओपीडीत सोप नोट लिहिताना

बाजाराच्या दिवशी ग्रामीण ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटं येतात. डायबेटिसच्या रुग्णाच्या केस पेपरवर मग एकच ओळ पडते: ‘शुगर २३६, गोळी वाढवली’. या ओळीत शुगर का वाढली हेच नाही. त्यामुळे पुढच्या वेळी जो डॉक्टर बसेल तो आणखी एक गोळी वाढवतो, आणि एखाद्या दिवशी बाई कपाशीच्या वावरात चक्कर येऊन पडते.

सोप नोट ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉ. लॉरेन्स वीड यांनी आणली. तिचे चार भाग: एस म्हणजे रुग्ण काय सांगतो, ओ म्हणजे आपण काय मोजलं आणि पाहिलं, ए म्हणजे त्यावरून आपला निष्कर्ष, आणि पी म्हणजे पुढे काय करायचं. पद्धत एका उदाहरणावरून पाहू. मावशी ५२ वर्षांच्या, शेतमजूर, सहा वर्षांपासून डायबेटिस. गोळ्या दोन: मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ आणि ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम सकाळी. मागच्या भेटीत उपाशीपोटी शुगर १४८ होती, आज २३६ आहे.

आधी केस पेपरवरच्या तारखा मोजा. मावशी खुर्चीवर बसेपर्यंत हे होऊन जातं. मागच्या वेळी गोळ्या दिल्या ३० दिवसांच्या, आणि त्या भेटीला आज ४२ दिवस झाले. म्हणजे १२ दिवसांचा हिशेब लागत नाही. हे आधी कळलं की विचारायचं काय ते ठरतं. “गोळ्या रोज घेता ना?” असं विचारलं तर उत्तर ‘हो’ असंच येतं, कारण ‘नाही’ म्हटलं तर डॉक्टर रागावतील ही भीती असते. त्यापेक्षा विचारा, “मावशी, गोळ्या कधी संपल्या?” त्यावर मावशी म्हणाल्या, “गोया सरल्या बारा दिस झाले जी. वेचणी चालू हाये, मजुरी बुडवून कशी येऊ?”

एसमध्ये हे तिच्याच शब्दांत लिहा. ‘औषध नियमित नाही’ एवढंच लिहिलं तर दोष बाईच्या माथी जातो आणि कारण हरवतं. कारण मजुरीचं असेल तर उपाय दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याचा असू शकतो, आणि तो सुचायला कारण कागदावर असावं लागतं.

दुसरा प्रश्न कितीही गर्दी असली तरी सोडू नका: “गोळ्या चालू होत्या तेव्हा कधी हातपाय थरथरले, घाम सुटला?” मावशी म्हणाल्या, “अकरा वाजले का हातपाय कापतात, घाम सुटते. भाकर खाल्ली का बरं वाटते.” मग गोळी किती वाजता आणि पहिलं जेवण किती वाजता, हे विचारायचं. गोळी सकाळी सहाला, वावरात निघण्याआधी काळा चहा घेऊन. भाकर थेट बारा वाजता.

चित्र इथे उलटं होतं. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. गोळीनंतर पाच तास उपाशी, वरून वेचणीचं काम, म्हणून अकराच्या सुमाराला शुगर खाली जात असणार. आजची २३६ पाहून हीच गोळी वाढवली असती तर मावशी वावरात चक्कर येऊन पडण्याचा धोका आणखी वाढला असता.

ओमध्ये आकड्यासोबत वेळ लिहा. ‘शुगर २३६’ याला एकट्याला अर्थ नाही. ‘ग्लुकोमीटरवर २३६, काल रात्री आठनंतर काही खाल्लं नाही’ याला आहे. वजन आणि बीपी रांगेतच सिस्टरांकडून घेऊन ठेवा. वजन मागच्यापेक्षा बरंच उतरलं असेल, उलट्या होत असतील, श्वास जोरात चालत असेल, तर नोट बाजूला ठेवून लघवीतले कीटोन बघा. तो रुग्ण रांगेतला नाही, दाखल करायचा आहे.

मग चप्पल काढायला सांगा. आमच्याकडे वावरात अनवाणी चालणं नेहमीचं, आणि बधिर पायात काटा मोडला तरी कळत नाही. डोळे मिटायला सांगून तळपायाला मोनोफिलामेंट टेकवा, म्हणजे नायलॉनचा असा धागा, जो १० ग्रॅम दाबाला वाकतो. मावशींना डाव्या अंगठ्याखाली तो जाणवला नाही, आणि त्याच्या शेजारीच घट्टा होता. जखम नव्हती, हेही लिहायचं. न लिहिलेलं म्हणजे न पाहिलेलं, असंच पुढचा माणूस धरतो.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीएवनसी हाताशी असेल तर तो लिहा, पण विदर्भात एक गोष्ट आधी विचारा: सिकल सेल आहे का? त्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून हा आकडा खोटा कमी येतो. अशा रुग्णात उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर यांवरच भिस्त ठेवावी.

एमध्ये ‘कारण’ हा शब्द यायला हवा. ‘डायबेटिस अनकंट्रोल्ड’ हा निष्कर्ष नाही, तो आकडाच पुन्हा लिहिणं आहे. आणि जे मोजलं नाही ते ठामपणे लिहू नका. अकरा वाजता मावशींची शुगर कुणी तपासली नव्हती, म्हणून तिथे ‘बहुधा’ लिहायचं. पीमध्ये पुढच्या भेटीत काय दिसलं तर काय करायचं, हेही लिहून ठेवावं. पुढच्या वेळी त्या खुर्चीवर आपण नसू.

मावशींची पूर्ण नोट अशी झाली:

> एस: गोळ्या १२ दिवसांपासून संपल्या, वेचणीमुळे येता आलं नाही. गोळ्या चालू असताना आठवड्यात दोनदा सकाळी ११ ला थरथर, घाम, खाल्ल्यावर बरं. गोळी ६ ला, जेवण १२ ला. उलट्या नाहीत.
>
> ओ: वजन ५८ किलो (मागे ५९). बीपी १३२/८०. उपाशीपोटी २३६. डावा अंगठा: संवेदना नाही, घट्टा, जखम नाही.
>
> ए: १) शुगर वाढली, कारण गोळ्यांत खंड, औषध अपुरं असल्याचा पुरावा नाही. २) ग्लिमेपिराइड उपाशीपोटी घेतल्याने बहुधा शुगर कमी होत होती. ३) डावा पाय जोखमीचा.
>
> पी: मेटफॉर्मिन पूर्वीप्रमाणे, जेवणानंतर. ग्लिमेपिराइड २ ऐवजी १ मिलिग्रॅम, पहिल्या भाकरीसोबतच. भाकर नाही तर ही गोळी नाही. थरथर झाल्यास तीन चमचे साखर, १५ मिनिटांत बरं न वाटल्यास पुन्हा. पाय रोज बघणे, वावरात बंद चप्पल. क्रिएटिनिन आज. १५ दिवसांनी बाजाराच्या दिवशी शुगर. गोळ्या नियमित घेऊनही उपाशीपोटी १८० च्या वर असेल आणि क्रिएटिनिन ठीक असेल, तर मेटफॉर्मिन वाढवणे, ग्लिमेपिराइड नाही.

हे डोस या मावशींचे आहेत. दुसऱ्या रुग्णात वय, किडनी आणि जेवणाच्या वेळा पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी एस आणि ओ असा भरून पाठवला, तर डोस बदलणाऱ्या डॉक्टरचं अर्धं काम तिथेच झालेलं असतं.

फार घाई असेल तर बीपी-वजनाचे आकडे सिस्टरांच्या नोंदीतून नंतर उतरवता येतात. गोळ्या कधी संपल्या आणि थरथर कधी झाली, हे मात्र मावशी दारातून बाहेर पडायच्या आत लिहा.